निर्यातमूल्याची वसुली व विलंबाचे परिणाम

निर्यातमूल्याची वसुली म्हणजे परदेशी पाठविलेल्या मालाचे किंवा पुरविलेल्या सेवेचे पूर्ण मूल्य ठरावीक मुदतीत मिळविणे आणि ते अधिकृत बँकेमार्फत भारतात आणणे. भारतात हे कर्तव्य परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ (फेमा) या कायद्याने निर्यातदारावर टाकले आहे. वसुलीची मुदत भारतीय रिझर्व्ह बँक ठरविते. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने ही मुदत ९ महिन्यांवरून १५ महिने केली. या बदलाने निर्यातदाराला कायद्याच्या बाजूने सवड मिळाली. मात्र उशिरा येणाऱ्या पैशाचा भार केवळ या एका कायद्यातून येत नाही, त्यामुळे सवलतीचे मोल इतर नियमांच्या संदर्भात पाहणे आवश्यक ठरते.

## कायद्यातील कर्तव्य

फेमा कायदा १ जून २००० पासून अमलात आला आणि त्याने १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याची जागा घेतली. जुन्या कायद्यात उल्लंघन हा फौजदारी गुन्हा होता. नव्या कायद्यात ते मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे उल्लंघन मानले जाते.

कायद्याच्या कलम ७नुसार निर्यातदाराने निर्यातीचे खरे व पूर्ण मूल्य घोषित करावयाचे असते. मालाच्या बाबतीत ही घोषणा सीमाशुल्क विभागाकडे सादर होणाऱ्या शिपिंग बिलातच अंतर्भूत असते. माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांच्या आत निर्यातीची कागदपत्रे बँकेकडे द्यावयाची असतात. कलम ८नुसार येणे असलेले परकीय चलन वसूल करून देशात आणण्यासाठी सर्व वाजवी उपाय योजणे बंधनकारक आहे.

कलम ८ची शब्दरचना महत्त्वाची आहे. परदेशी ग्राहक पैसे देईलच, अशी हमी कायदा निर्यातदाराकडून मागत नाही. वसुलीसाठी केलेले प्रयत्न मागतो. म्हणून स्मरणपत्रे, ग्राहकाची उत्तरे, मालाच्या दर्जासंबंधीचा वाद, वकिलाची नोटीस किंवा परदेशी न्यायालयातील दावा या साऱ्यांना पुराव्याचे महत्त्व येते. ज्या निर्यातदाराने मुदत उलटेपर्यंत केवळ दूरध्वनीवर पाठपुरावा केला, त्याच्याकडे प्रयत्न असूनही ते दाखविण्यासाठी काही नसते.

## मुदतीची गणना व नोंद

मुदत निर्यातीच्या दिनांकापासून मोजली जाते. ग्राहकाशी ठरलेली उधारी ९० दिवसांची असो वा १८० दिवसांची, कायद्यातील गणना तिच्यावर अवलंबून नसते. यापूर्वी कोविडच्या साथीत, ३१ जुलै २०२० पर्यंतच्या निर्यातीसाठी, हीच मुदत १५ महिने करण्यात आली होती. २०२५ मध्ये अमेरिकेने २७ ऑगस्टपासून अनेक भारतीय वस्तूंवर ५० टक्के आयातशुल्क लागू केले. त्यानंतरच्या व्यापारी अडचणींच्या काळात ही वाढ पुन्हा करण्यात आली, आणि या वेळी ती नियमांतच दुरुस्ती करून आली.

प्रत्येक शिपिंग बिलाची नोंद १ मार्च २०१४ पासून ‘ईडीपीएमएस’ या रिझर्व्ह बँकेच्या संगणकीय प्रणालीत होते. पैसे आल्यावर बँक त्या रकमेची संबंधित बिलाशी जुळणी करते व नोंद बंद करते. येथे एक व्यावहारिक दोष वारंवार आढळतो. पैसे वेळेत येऊनही निर्यातदार बँकेला बिलाचा क्रमांक कळवीत नाही, किंवा ग्राहकाने चार बिलांचे पैसे एकत्र पाठविलेले असतात. अशा वेळी रक्कम खात्यात जमा दिसते, पण प्रणालीत बिल थकीतच राहते. विलंब झालेला नसतानाही तो झाल्याचे चित्र निर्माण होते. दर महिन्यास बँकेकडून थकीत बिलांची यादी घेऊन ती आपल्या खातेवहीशी ताडून पाहणे, हा त्यावरील साधा उपाय होय.

वसुलीसाठी प्रयत्न न करणाऱ्या निर्यातदाराचे नाव बँकेच्या शिफारशीवरून सावधानता यादीत जाऊ शकते. दोन वर्षे बिल थकल्यास नाव आपोआप यादीत जाण्याची पद्धत ऑक्टोबर २०२० मध्ये बंद झाली. यादीत नाव आल्यास निर्यात थांबत नाही. मात्र पूर्ण रक्कम आगाऊ आल्यावर किंवा बँकेचे पतपत्र असल्यावरच त्याची कागदपत्रे पुढे स्वीकारली जातात. उधारीवर माल मागणाऱ्या ग्राहकांशी व्यापार करणे त्यामुळे जवळजवळ अशक्य होते.

## विलंबाचे आर्थिक परिणाम

कलम १३नुसार उल्लंघनातील रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे आणि प्रत्यक्ष दंड प्रकरणाच्या गुणावगुणांवर ठरतो. कलम १५नुसार उल्लंघन मान्य करून व ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटविण्याची, म्हणजे कंपाउंडिंगची, सोय आहे.

सामान्य निर्यातदाराला प्रथम झळ बसते ती करांच्या नियमांची. निर्यातीवर भरलेला एकात्मिक वस्तू व सेवा कर परत मिळतो, आणि कच्च्या मालावरील शुल्काच्या भरपाईपोटी ‘ड्रॉबॅक’ मिळतो. या दोन्ही रकमा साधारणपणे निर्यातीनंतर लवकरच, ग्राहकाचे पैसे येण्यापूर्वीच, हाती पडतात. मूल्य मुदतीत आले नाही, तर न आलेल्या मूल्याच्या प्रमाणात त्या परत कराव्या लागतात. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम ९६बनुसार मुदत संपल्यापासून ३० दिवसांत परतावा व्याजासह भरावा लागतो. ड्रॉबॅकच्या बाबतीत, २०१७च्या नियमांतील नियम १८नुसार, सीमाशुल्क अधिकारी आधी नोटीस देऊन वसुलीचा पुरावा मागतात.

दोन्ही नियमांत एक समान तरतूद आहे. मुदत मोजताना बँकेने किंवा रिझर्व्ह बँकेने दिलेली वाढ तीत धरली जाते. त्यामुळे बँकेने वेळेवर दिलेली मुदतवाढ करखात्यांच्या वसुलीलाही थोपवून धरते.

## उदाहरण

सोलापुरातील टॉवेल उत्पादकाचे पुढील उदाहरण काल्पनिक आहे. विनिमय दर, व्याजदर व ड्रॉबॅकची रक्कम गणनेच्या सोयीसाठी गृहीत धरली आहे.

या उत्पादकाने १० जानेवारी २०२४ रोजी ५०,००० डॉलरचा माल पाठविला. डॉलरचा दर ८३ रुपये धरल्यास मूल्य ४१,५०,००० रुपये होते. ५ टक्के दराने भरलेला २,०७,५०० रुपये कर त्याला १५ फेब्रुवारीस परत मिळाला आणि १,००,००० रुपये ड्रॉबॅक मिळाला. एप्रिलमध्ये ग्राहकाने ३०,००० डॉलर पाठविले. रंग उतरत असल्याची तक्रार करून उरलेले २०,००० डॉलर मात्र त्याने रोखून धरले. त्या वेळच्या ९ महिन्यांच्या नियमाने मुदत १० ऑक्टोबर २०२४ रोजी संपत होती.

उत्पादक स्वस्थ बसला, तर न आलेला हिस्सा ४० टक्के ठरतो. त्याला परताव्यापैकी ८३,००० रुपये ९ नोव्हेंबरपर्यंत परत करावे लागतील आणि त्यावर १८ टक्के दराने सुमारे ११,००० रुपये व्याज द्यावे लागेल. ड्रॉबॅकपैकी ४०,००० रुपये व त्यावर १५ टक्के व्याज निराळे. पुढे मार्च २०२५ मध्ये पैसे आले, तरी मुदत वाढवून घेतलेली नसल्यामुळे भरलेल्या रकमा परत मिळण्याचा हक्क राहत नाही.

याउलट ऑक्टोबरच्या आरंभीच त्याने बँकेकडे अर्ज केला, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार जोडला आणि वाढीव मुदतीत वसुली करण्याचे घोषणापत्र दिले, तर बँक एका वेळी ६ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यासाठी संबंधित व्यवहार कोणत्याही तपासयंत्रणेच्या चौकशीत नसावा लागतो. वाढीव मुदत निर्यातीपासून एक वर्षापलीकडे जात असेल, तर एकूण थकबाकीवर मर्यादा येते. १० लाख डॉलर किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी वसुलीचे १० टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल, ती मर्यादा होय. लहान उत्पादक या कसोटीस सहज उतरतो. मुदत आता १० एप्रिल २०२५ होते. मार्चमध्ये आलेले १५,००० डॉलर मुदतीत धरले जातात.

उरलेले ५,००० डॉलर दर्जाच्या वादात सोडून द्यावे लागले, तर ती बीजकाच्या १० टक्के घट ठरते. बीजकमूल्यात २५ टक्क्यांपर्यंतच्या घटीस बँक काही अटींवर मान्यता देऊ शकते. त्या प्रमाणात मिळालेल्या निर्यात-सवलती मात्र परत कराव्या लागतात. म्हणजे ड्रॉबॅकमधील ४०,००० रुपयांऐवजी आता १०,००० रुपयांचाच प्रश्न राहतो.

## १५ महिन्यांच्या मुदतीचे मूल्यमापन

हीच निर्यात १५ महिन्यांच्या नियमाखाली झाली असती, तर १० एप्रिल २०२५ ही मूळचीच मुदत ठरली असती. अर्ज, घोषणापत्र व बँकेचा निर्णय यांची गरज उरली नसती. ज्यांच्याकडे कागदपत्रे सांभाळण्यास स्वतंत्र माणूस नाही, अशा लहान निर्यातदारांना हा खरा दिलासा आहे.

पैसे उशिरा येण्याची किंमत मात्र या बदलाने कमी होत नाही. वरील उदाहरणातील २०,००० डॉलर म्हणजे १६,६०,००० रुपये होत. ते सहा महिने अधिक अडकले आणि उत्पादकाने बँकेच्या कर्जावर ९ टक्के व्याज दिले, तर ७४,७०० रुपये खर्ची पडतात. करपरताव्यावरील ११,००० रुपयांच्या व्याजाहून ही रक्कम किती तरी मोठी आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्येच निर्यात कर्जाचा कमाल कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंत दिलेल्या कर्जांसाठी ४५० दिवस केला. ४५० दिवस म्हणजे साधारण १५ महिने. दोन्ही मुदती अशा रीतीने जुळविल्या गेल्या, पण त्या काळातील व्याज निर्यातदाराकडेच राहिले.

दुसरी मर्यादा सौद्याच्या टेबलावर दिसते. भारतीय कायदा ९ महिनेच देतो, हे सांगून निर्यातदार ग्राहकाकडे तगादा लावू शकत असे. मुदत वाढल्यावर हे कारण दुबळे होते आणि मोठा ग्राहक अधिक लांब उधारी मागू शकतो. म्हणून करारात पैसे देण्याचा दिनांक व विलंबावरील व्याज स्पष्टपणे लिहिणे आता अधिक आवश्यक झाले आहे. कायद्यातील १५ महिने ही वसुलीची कमाल सीमा आहे, ग्राहकाला द्यावयाच्या उधारीचे ते प्रमाण नव्हे.