गल्ला भरला, पण उरलं काय?

प्रदर्शनातून परत आलेल्या बाईला घरचे, शेजारचे, गटातल्या बायका एकच प्रश्न विचारतात, "किती गल्ला झाला?" तिने वीस हजार सांगितले की सगळ्यांचे डोळे विस्फारतात. दोन दिवसांत वीस हजार! मग पुढच्या वेळी आणखी दोघी-तिघी स्टॉल घ्यायला तयार होतात. पण मैत्रिणींनो, गल्ला म्हणजे कमाई नव्हे. वीस हजारांचा गल्ला घेऊन आलेली बाई प्रत्यक्षात साडेतीन हजारांनी खड्ड्यात असू शकते, आणि तिला ते कळतही नाही.

बचत गटाच्या कामामुळे बायकांच्या हिशेबाच्या वह्या माझ्या हातात येतात. मालाचं पान अगदी चोख असतं. दाणे किती, मिरची किती, पाकिटं किती, सगळं लिहिलेलं. प्रदर्शनाच्या पानावर मात्र दोनच आकडे असतात, स्टॉलचं भाडं आणि एकूण विक्री. मधलं सगळं 'वरखर्च' या एका शब्दात जातं, नाहीतर लिहिलंच जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की आयोजकाला आगाऊ रक्कम देण्याआधी प्रत्येकीने वहीत एक आकडा लिहायला हवा. किती नग विकले म्हणजे माझा खर्च निघेल? तो आकडा काढता आला नाही, तर स्टॉल घेऊ नये.

'उमेद'च्या 'महालक्ष्मी सरस'सारख्या सरकारी प्रदर्शनांची गोष्ट वेगळी, तिथे बचत गट निवडले जातात. मी बोलतेय ते शहरातल्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी खासगी आयोजक भरवतात त्या प्रदर्शनांबद्दल.

आता एक हिशेब मांडून बघू. समजा, कराडची एक मैत्रीण शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी करते. दोनशे ग्रॅमचं पाकीट शंभर रुपयांना विकते. दाणे, तिखट, लसूण, गॅस, पाकीट, लेबल आणि कुटायला येणाऱ्या बाईची मजुरी धरून एक पाकीट तिला साठ रुपयांना पडतं. म्हणजे एका पाकिटामागे सुटतात चाळीस रुपये. हे 'चाळीस' लक्षात ठेवा, कारण प्रदर्शनाचा सगळा खर्च या चाळीस-चाळीस रुपयांतूनच निघायचा आहे.

तिने पुण्यातल्या प्रदर्शनात दोन दिवसांचा स्टॉल घेतला. भाडं सांगितलं ५,००० रुपये. पावती आली ५,९०० ची, कारण त्यावर १८ टक्के जीएसटी. आपली स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर हे वरचे नऊशे कुठूनही परत मिळत नाहीत. म्हणून भाडं विचारताना "सगळं धरून किती?" असंच विचारायचं. त्या भाड्यात किती टेबलं, किती खुर्च्या, दिव्याची सोय आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं. आमच्या मैत्रिणीला जास्तीच्या टेबलाचे २५० वेगळे द्यावे लागले.

मांडणीचा खर्च मोठा वाटतो, पण तो एकदाच होतो. टेबलावर घालायचं कापड, पायऱ्यांची लाकडी मांडणी, टोपल्या आणि नावाचा फ्लेक्स मिळून २,७०० रुपये लागले. हे सामान सहा प्रदर्शनं सहज टिकतं, म्हणून या खेपेवर त्यातले ४५० रुपयेच टाकायचे. फ्लेक्सवर प्रदर्शनाचं नाव आणि तारीख छापली तर मात्र तो दुसऱ्या दिवशी रात्रीच रद्दी होतो. फक्त आपलं नाव, माल आणि फोन नंबर छापावा. टेबल आणि मांडणी मिळून झाले ७००.

यानंतर येतो तो न लिहिला जाणारा खर्च, म्हणजे माणसांचा. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मदतनीस बाईसह दोघींचं जाणं-येणं सातशे रुपयांत होतं असं धरू. पण चटणीची खोकी एस.टी.च्या फळीवर मावत नाहीत. सामानाचं भाडं, स्वारगेटहून हॉलपर्यंत रिक्षा आणि परतीचं तेच, मिळून ९००. दोघींचं दोन दिवसांचं चहा-जेवण ६००. मुक्काम नात्यात, नाहीतर लॉजचेही वेगळे. मदतनीस बाईची मजुरी रोजचे पाचशे धरून १,०००.

आणि तिची स्वतःची मजुरी? ती कुणीच लिहीत नाही. "मी काय, घरचीच!" असं म्हणून आपण आपले दोन दिवस फुकट धरतो. पण त्याच दोन दिवसांत घरी बसून तिने चटणी केली असती तर काही मिळालंच असतं ना? म्हणून तिचेही १,००० लिहायचे. माणसं आणि प्रवास मिळून झाले ४,२००, म्हणजे भाड्याच्या जवळ जवळ पोचले.

शेवटचा खर्च फुकट देण्याचा. यात दोन गोष्टी आपण एकत्र करतो, त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. एक म्हणजे चव देणं. दीड किलो चटणी साडेचारशेच्या आसपास पडते आणि पाच-पाच ग्रॅम धरली तर तीनशे जणांना पुरते. भाकरीचे तुकडे, चमचे, कागद यांचे अडीचशे. असे ७०० रुपये खाण्याच्या मालाला लागतातच, कारण चटणी चाखल्याशिवाय कुणी घेत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे येईल त्याच्या हातात भेट म्हणून छोटी पुडी ठेवणं. वीस ग्रॅमची पुडी पिशवीसकट आठ रुपयांना पडते, दोनशे वाटल्या की १,६०० गेले. ते भरून काढायला चाळीस पाकिटं जास्तीची विकायला हवीत. फुकटचं ते पौष्टिक म्हणणारी गर्दी पुडी घेते आणि पुढच्या स्टॉलवर जाते. भेट द्यायचीच तर खरेदी करणारीला द्यावी, तीही तीन पाकिटं घेणारीला. कोरी पुडी नको, नाव-नंबर असलेली हवी.

पुड्या वाटल्या नाहीत असं धरून बेरीज करू. भाडं ५,९००, मांडणी ७००, माणसं आणि प्रवास ४,२००, चव ७००. एकूण ११,५००. याला त्या चाळीस रुपयांनी भागा. आकडा येतो २८८ पाकिटं. हॉल सकाळी अकरा ते रात्री आठ उघडा धरला तर दोन दिवसांचे अठरा तास होतात. तासाला सोळा पाकिटं, म्हणजे दर पावणेचार मिनिटांनी एक पाकीट विकलं जायला हवं. शनिवारी दुपारी हॉल रिकामा असतो तेव्हासुद्धा!

आता ते वीस हजार आठवा. दोनशे पाकिटं विकली, त्यातून सुटले ८,०००, खर्च ११,५००. तोटा साडेतीन हजार. तिची स्वतःची मजुरी सोडून दिली तरी अडीच हजार तोटाच. खिशात नोटा दिसतात, कारण त्यातले बारा हजार मालाचे असतात आणि भाडं तर महिनाभर आधीच देऊन झालेलं असतं.

रविवारी संध्याकाळी माल उरलेला दिसला की हात सैल सुटतो आणि आपण 'दहा रुपये सूट'ची पाटी लावतो. हीच पाटी शनिवारपासून लावली असती तर काय झालं असतं बघा. शंभरावर दहा म्हणजे थोडंच वाटतं, पण ते दहा आपल्या चाळिसातून जातात, उरतात तीस. मग खर्च निघायला २८८ ऐवजी ३८४ पाकिटं लागतात. चटणी काही रविवारी रात्री खराब होत नाही. ती परत आणून गावात विकता येते. सूट द्यायची तर चकली-करंजीसारख्या मऊ पडणाऱ्या मालावर, तीही शेवटच्या दोन तासांत.

मग प्रदर्शनात जायचंच नाही का? जायचं, पण खर्च अर्धा करून. स्टॉल दोघींनी मिळून घ्यावा. एकीची चटणी, दुसरीच्या गोधड्या किंवा कापडी पिशव्या, म्हणजे एकमेकींचं गिऱ्हाईक तुटत नाही. मदतनीस लागत नाही, कारण एक जेवायला गेली की दुसरी बसते. मात्र आयोजकाला हे चालतं का ते आधी विचारून घ्यावं, काही जण स्टॉल वाटून देत नाहीत. आता मैत्रिणीचा हिशेब असा होतो. अर्धं भाडं २,९५०. मांडणी ४५०. तिचं तिकीट, अर्धी रिक्षा, जेवण आणि स्वतःची मजुरी मिळून २,१००. चव ७००. एकूण ६,२००, आणि आकडा १५५ पाकिटांचा. आता तीच दोनशे पाकिटं विकली तर मजुरी घेऊन वर १,८०० रुपये उरतात. माल तोच, गिऱ्हाईक तेवढंच.

आपली किती पाकिटं विकली जातील याचा अंदाज घरात बसून येत नाही. त्याच आयोजकाचं एखादं प्रदर्शन आधी बघून यावं. आपल्यासारखा माल विकणाऱ्या स्टॉलजवळ शनिवारी दुपारी एक तास आणि रविवारी संध्याकाळी एक तास थांबून पाकिटं मोजावीत. चटणी-मसाल्याचे स्टॉल किती आहेत तेही बघावं. सहा असतील तर गिऱ्हाईक सहा जागी वाटलं जाणार. महिन्याचा पहिला शनिवार-रविवार शेवटच्यापेक्षा बरा, कारण तेव्हा पगार झालेले असतात.

काही जणी म्हणतात, "तोटा झाला तर झाला, ओळख तर होते." खरं आहे, पण ओळखीलाही किंमत लावा. घरून निघतानाच ठरवा की जाहिरात म्हणून मी हजार रुपयांपर्यंत तोटा सोसेन, त्यापुढे नाही. स्टॉलवर एक वही ठेवा, खुशीने नंबर देतील त्यांचे नंबर घ्या. पुढच्या दोन महिन्यांत त्यातल्या किती जणींनी माल मागवला, कुरिअर वजा जाऊन किती सुटले, ते त्याच प्रदर्शनाच्या पानावर लिहा. ते पान कोरं राहिलं, तर ओळख झालीच नाही असं समजावं आणि पुढच्या वर्षी आयोजकाचा फोन आला की सरळ नाही म्हणावं.