विश्लेषण : पंचेचाळिशीत क्षेत्र बदलताना ज्येष्ठता खरेच किती बुडते?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की चौदाव्या किलोमीटरला चितेगाव लागते. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचा नोंदणीकृत पत्ता हाच. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन अशा वस्तू घडवणाऱ्या या कारखान्याने परिसरातल्या एका पिढीचे संसार उभे केले. जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने समूहातील कंपन्यांसाठी सुमारे २,९६२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. मान्य झालेले दावे मात्र ६४ हजार कोटींहून अधिक होते. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ही मंजुरीही रद्द केली.

याच रस्त्यावर थोडे पुढे बिडकीन आहे. तिथल्या ऑरिक वसाहतीत एथरने विद्युत दुचाकींच्या, तर टोयोटा किर्लोस्करने मोटारींच्या कारखान्याची घोषणा २०२४ मध्ये केली. त्यामुळे या पट्ट्यातल्या अनेक घरांत एकच चर्चा चालते. वय पंचेचाळीस, जुन्या लाइनवर अठरा वर्षे काढलेली, आता नवे काम शिकायचे म्हणजे पुन्हा शून्यापासून का? वडील म्हणतात, ‘लागलेली नोकरी कुणी सोडतं का?’ बायको विचारते, ‘अहो, पगार कमी झाला तर चालवून घेऊ, पण किती दिवस?’

या दोन्ही प्रश्नांना घाबरटपणा म्हणून उडवून लावण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. घरचे जे विचारतात तेच हिशेबाचे खरे प्रश्न असतात, फक्त ते आकड्यांत मांडलेले नसतात.

‘ज्येष्ठता’ या शब्दात काय काय दडले आहे?

कामगार ‘माझी सिनिऑरिटी जाईल’ म्हणतो तेव्हा तो तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलत असतो. पहिली, सेवेच्या वर्षांवर मिळणारा पैसा, म्हणजे ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची पेन्शन. दुसरी, कंपनीच्या यादीतला क्रमांक. तिसरी, लाइनवर आणि घरी मिळणारा मान. यातली पहिली गोष्ट लोकांना वाटते तितकी बुडत नाही. दुसरी पूर्ण बुडते आणि तिच्याकडेच सहसा लक्ष जात नाही.

ग्रॅच्युइटीचे गणित काय सांगते?

एक उदाहरण धरू. पंचेचाळीस वर्षांचा कामगार, टीव्हीच्या लाइनवर तपासणीचे काम, सेवा अठरा वर्षे, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १९,५०० रुपये. ग्रॅच्युइटी काढताना या रकमेला २६ ने भागतात. दिवसाचे ७५० रुपये येतात. वर्षाला पंधरा दिवस धरले की ११,२५० रुपये आणि अठरा वर्षांचे २,०२,५०० रुपये. नोकरी सोडताना हे पैसे हातात येतात.

तो तिथेच राहिला, कंपनी टिकली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचे वेतन ३१,२०० झाले, तर एकतीस वर्षांची ग्रॅच्युइटी ५,५८,००० रुपये होते. शेवटचा पगार सगळ्या वर्षांना लागू होतो, म्हणून लांब सेवा फायद्याची दिसते. तो नव्या ठिकाणी गेला, १४,३०० वर सुरुवात करून तेरा वर्षांत २६,००० पर्यंत पोहोचला, तर तिथली ग्रॅच्युइटी १,९५,००० होईल. दोन्ही मिळून चार लाखांच्या आतच. म्हणजे दीड लाखाहून जास्त नुकसान, असे वाटते.

पण आधी मिळालेले २,०२,५०० रुपये तेरा वर्षे सात टक्के दराने ठेवले, तर ते सुमारे ४ लाख ८८ हजार होतात. त्यात नवी ग्रॅच्युइटी मिळवली की बेरीज पावणेसात लाखांवर जाते. कागदावर तरी बदलणारा पुढे निघतो.

आता बायकोच्या प्रश्नाकडे येऊ. जुना आणि नवा पगार यांतली तफावत महिन्याला ५,२०० रुपये आहे. ही तफावत भरायला जुन्या ग्रॅच्युइटीतून पैसे काढत गेले, तर ती जेमतेम एकोणचाळीस महिने पुरते. म्हणजे सव्वातीन वर्षांत नवा पगार जुन्याच्या बरोबरीला आला नाही, तर अठरा वर्षांची कमाई किराणा आणि शाळेच्या फीमध्ये संपलेली असेल. वरचे सात टक्क्यांचे गणितही मग उरत नाही. ‘किती दिवस?’ या प्रश्नाचे उत्तर असे काढता येते, आणि ते प्रत्येक घराने आपल्या पगाराच्या चिठ्ठीवरून काढायला हवे. मुलीचे लग्न किंवा घराची स्लॅब त्याच पैशांतून करायची असेल, तर महिने आणखी कमी होतात. अशा घरात ‘आता नको’ हे उत्तर रास्त आहे.

पेन्शनची वर्षे कशी वाचतात, कशी हरवतात?

कर्मचारी पेन्शन योजनेत सेवा कंपनीनिहाय तुटत नाही. किमान दहा वर्षांची अट सगळ्या नोकऱ्या मिळून मोजली जाते, आणि वीस वर्षे पूर्ण झाली की हिशेबात आणखी दोन वर्षे धरली जातात. अठरा वर्षांवर नोकरी बदलणाऱ्याला हे माहीत नसेल, तर तो अगदी दाराशी येऊन थांबतो.

गडबड नेमकी कुठे होते? नव्या कंपनीत जुना यूएएन क्रमांक दिला नाही, तर दुसराच क्रमांक तयार होतो आणि दोन खाती वेगळी पडतात. दुसरी अडचण बंद पडलेल्या कारखान्यांची. जुन्या नोकरीची ‘सोडल्याची तारीख’ नोंदवायला तिथे कुणी उरत नाही आणि खाते वर्ग करण्याचा अर्ज अडकतो. शेवटचे योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी सदस्य ही तारीख आधारच्या ओटीपीने स्वतः नोंदवू शकतो. सदस्य पोर्टलवर सेवेचा इतिहास उघडला की सगळ्या नोकऱ्या एकाच क्रमांकाखाली दिसतात का आणि प्रत्येक जुन्या नोकरीपुढे तारीख आहे का, हे पाच मिनिटांत कळते. नावाच्या किंवा जन्मतारखेच्या चुका नोकरीत असतानाच दुरुस्त कराव्यात. कारण सही करणारे कार्यालय पुढे असेलच, याची खात्री या रस्त्यावर तरी कुणी देऊ नये.

खरे नुकसान कुठे आहे?

कामगार कपातीत ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नव्या कारखान्यात पंचेचाळिशीचा माणूस यादीत सर्वांत खाली असतो. पहिल्या मंदीत सुरुवात त्याच्यापासून होऊ शकते. कपातीची भरपाईही सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराने मिळते, त्यामुळे दोन वर्षांच्या सेवेला एक महिन्याचाच पगार येतो. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी कौशल्य निधीतून पंधरा दिवसांचे वेतन आहे, पण त्यावर घर चालत नाही. जुन्या ठिकाणी अठरा वर्षांची सेवा ही एक ढाल होती. ती सोबत नेता येत नाही.

वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे. फक्त त्यांच्या काळात ढालीमागे कारखाना उभा होता. चितेगावने दाखवले ते उलट आहे. यादीत पहिला क्रमांक असलेला आणि शेवटचा क्रमांक असलेला, कारखानाच थांबला की दोघेही एकाच दिवशी गेटबाहेर येतात. म्हणून ज्येष्ठतेची किंमत ठरवताना आपला क्रमांक पाहण्याआधी कंपनीची तब्येत पाहावी लागते. पगार लांबू लागला, भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात महिने रिकामे दिसू लागले, पाळ्या कमी झाल्या, तर क्रमांक कितीही वरचा असला तरी त्याला अर्थ उरत नाही. पासबुकातले रिकामे महिने हे सगळ्यांत आधी दिसणारे आणि सगळ्यांत कमी पाहिले जाणारे लक्षण आहे.

अशा वेळी धीर देणारे डॉ. श्रीराम लागूंचे नाव घेतात. त्यांनी बेचाळिशीत डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ रंगभूमी धरली, हे खरे. पण शल्यचिकित्सकाची पदवी त्यांच्याजवळच राहिली होती. लाइनवरच्या माणसाचा अनुभव मात्र कंपनीच्या रजिस्टरमध्ये असतो. तो कागदावर उतरवून बाहेर काढावा लागतो.

मग सोबत काय नेता येते?

टीव्हीच्या सर्किट बोर्डावरचा कच्चा सोल्डर ओळखणारा डोळा विद्युत दुचाकीच्या कंट्रोलर बोर्डवरही तोच दोष ओळखतो. मनगटाला स्थिर विजेचा पट्टा लावण्याची सवय, दोषांची नोंद ठेवण्याची शिस्त तिथेही लागते. बॅटरी पॅकवरचा उच्च दाब आणि त्याची सुरक्षा मात्र नव्याने शिकावी लागते. म्हणून मुलाखतीत ‘अठरा वर्षांचा अनुभव’ एवढेच सांगणाऱ्याला नव्याच्या श्रेणीत बसवले जाते. कोणत्या यंत्रावर, कोणत्या तपासणीवर, किती माणसांच्या देखरेखीवर काम केले हे सेवा प्रमाणपत्रात पदांसह लिहून घेतले, तर श्रेणीबद्दल बोलणी करता येतात. हे प्रमाणपत्र आणि आयटीआयची मूळ कागदपत्रे कारखाना सुरू असतानाच हातात हवीत. पूर्वीच्या कामाची चाचणी घेऊन दाखला देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे. त्या दाखल्याने श्रेणी हमखास मिळते असे नाही, पण बोलायला कागद मिळतो.

मानाचा प्रश्न उरतो. नव्या लाइनवरचा टीमलीडर सव्वीस वर्षांचा असतो, ‘काका’ म्हणतो आणि त्याच दमात काम पुन्हा करायला सांगतो. सासुरवाडीच्या लग्नात ‘जावई हल्ली कुठे असतात?’ हा प्रश्नही येतो. याला आकडा लावता येत नाही. हे टोचणे बहुतेक घरांत मनातच राहते आणि मग पैशांवरून भांडण होते. रुसवा मानाचा आहे की तुटीचा, हे घरातल्या माणसांनी वेगळे ओळखले तर महिन्यांचा हिशेब तरी शांतपणे होतो.

नेमणूकपत्रात काय वाचायचे?

एकच ओळ आधी शोधावी : नेमणूक कुणाची आहे? कंपनीची कायम नोकरी, कंपनीचा ठरावीक मुदतीचा करार, ट्रेनी की ठेकेदाराची हजेरी? सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदतीच्या करारावरील कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. कायम कामगाराला साधारणतः पाच वर्षे थांबावे लागते. शिकाऊ उमेदवाराला ती मिळत नाही. ठेकेदाराकडे असलेल्याची अडचण वेगळी. दर वर्षी ठेकेदार बदलला की मालक कागदोपत्री नवा होतो, काम तेच राहते आणि सेवेची वर्षे पुन्हा एकपासून मोजली जातात. अठरा वर्षांची सलग सेवा सोडून येणाऱ्याने पगाराचा आकडा पाहण्याआधी पत्राखाली शिक्का कुणाचा आहे ते पाहावे.