परत मागवणीच्या सूचनेचा मराठी अनुवाद: एका शिष्टसंमत मताचे खंडन

एखाद्या यंत्रात निर्मितीचा दोष आढळल्यानंतर उत्पादकाने ते यंत्र वापरातून काढून घेण्यासाठी काढलेल्या जाहीर पत्रकाला परत मागवणीची सूचना म्हणतात, आणि तिच्या मराठी अनुवादाविषयी कार्यालयीन वर्तुळात एक मत इतके रुजलेले आहे की त्यावर वाद होऊ शकतो हेच कोणाच्या मनात येत नाही. हे मत असे, की सूचना हा कायदेशीर दस्तऐवज असल्यामुळे तिचा अनुवाद मूळ मजकुराच्या वाक्यामागे वाक्य ठेवून, त्याच क्रमाने आणि शासनव्यवहाराच्या पारिभाषिक मराठीत करावा. त्यातच अनुवादकाची सुरक्षितता आहे आणि उत्पादकाचीही. प्रस्तुत लेखात हे मत दोन्ही अंगांनी चुकीचे असल्याचे दाखवून त्याच्या जागी दुसरे मत मांडायचे आहे: सूचनेतील तथ्यांवर अनुवादकाचा काडीचाही अधिकार नाही, परंतु ती तथ्ये कोणत्या क्रमाने आणि कोणत्या क्रियापदांनी सांगायची यावर त्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो न वापरणे ही कर्तव्यच्युती आहे.

वादाला निश्चित जागा असावी म्हणून गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्लीचा विचार करू. सागवानासाठी नावाजलेल्या या वनविभागात लाकूडतोडीच्या कूपापासून (म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलपट्ट्यापासून) डेपोपर्यंत आणि तिथून आरागिरणीपर्यंत लाकूड अनेक हातांतून जाते, आणि कुऱ्हाड व हातकरवतीच्या जोडीला पेट्रोलवर चालणारी चेन सॉ त्या हातांत असते. अशा यंत्राचा चेन ब्रेक सदोष निघाला आणि उत्पादकाने इंग्रजीत सूचना काढली, तर आलापल्लीत ती कशी पोहोचावी, हा येथे नमुन्यादाखल घेतलेला प्रश्न आहे.

दोषाचे स्वरूप आधी नीट समजले पाहिजे, कारण ज्याला तो समजलेला नाही त्याचा अनुवादही धूसरच होतो. चेन सॉची साखळी ज्या लांब पात्यावरून फिरते त्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा शेजारच्या फांदीला लागला, तर साखळी अडकून संपूर्ण पाते क्षणार्धात वर आणि चालवणाऱ्याच्या दिशेने उसळते. या उलट्या झटक्याला किकबॅक म्हणतात. पुढच्या मुठीसमोर उभी असलेली प्लास्टिकची ढाल अशा वेळी डाव्या मनगटाने किंवा झटक्याच्या जोरानेच पुढे ढकलली जाते आणि आतला पोलादी पट्टा आवळून साखळी थांबवतो. पट्टा आवळणारी स्प्रिंग सदोष असेल तर ढाल नेहमीसारखी पुढे जाते, ‘टक्’ असा आवाजही होतो, परंतु साखळी फिरतच राहते. म्हणजे हा दोष बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही. ब्रेक शाबूत आहे अशी खात्री तो उलट वाढवतो. सूचनेत हे सांगितले गेले नाही, तर अनुभवी कामगार ढाल पुढे-मागे करून पाहील आणि यंत्र ठीक असल्याचा निर्वाळा देऊन कामाला लागेल.

आता शिष्टसंमत अनुवाद पाहू. त्याचे पहिले वाक्य बहुधा असे असेल: ‘खालील अनुक्रमांकांच्या श्रेणीतील यंत्रांच्या साखळी-रोधकामध्ये उत्पादनदोष आढळून आल्याने कंपनी खबरदारीचा उपाय म्हणून सदर यंत्रे स्वेच्छेने परत मागवीत असून, वापरकर्त्यांनी सदर यंत्राचा वापर टाळावा.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काहीही चूक नाही, आणि तीच त्याची मोठी अडचण आहे, कारण चूक नसलेले वाक्य कोणी तपासत नाही. वाचणाऱ्याने काय करायचे ते अगदी शेवटी येते. तिथे येते ते क्रियापदही ‘टाळावा’ असे आहे, जे तेलकट खाणे टाळावे अशा सल्ल्यात वापरले जाते आणि ज्यात शक्य नसेल तर चालेल अशी सवलत अध्याहृत असते. साखळी-रोधक म्हणजे आपण ज्याला ब्रेक म्हणतो तोच, हे कूपातल्या माणसाला कोणी सांगितलेले नाही. आणि ‘खबरदारीचा उपाय म्हणून’, ‘स्वेच्छेने’ हे शब्द धोक्याची धार बोथट करून कंपनीच्या सौजन्याची जाहिरात करतात.

यावर पूर्वपक्षाचे उत्तर असे, की हे शब्द मुळातच असतील तर अनुवादकाने काय करावे? याचे उत्तर युरोपीय महासंघाने आपल्यापुरते कायद्यातच दिले आहे. उत्पादनांच्या सर्वसाधारण सुरक्षिततेविषयीचा तिथला २०२३ चा नियम १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला असून त्याच्या ३६व्या कलमाने परत मागवणीच्या सूचनेत धोक्याची जाणीव कमी करणारे शब्द, म्हणजे ‘स्वेच्छेने’, ‘खबरदारी म्हणून’, ‘क्वचित प्रसंगी’ अशा छापाचे शब्द, तसेच अजून अपघात झाल्याची नोंद नाही अशी विधाने वर्ज्य ठरवली आहेत. तो नियम ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी आहे आणि गडचिरोलीत लागू नाही हे खरेच; तथापि हे शब्द माहिती देत नाहीत, फक्त भीती कमी करतात, हे त्यातून मान्य झालेले आहे. असे शब्द मुळात असल्यास अनुवादकाने ते गुपचूप गाळू नयेत, तर काढून टाकण्याची लेखी शिफारस उत्पादकाकडे करावी; आणि ती फेटाळली गेली तर ते शब्द धोका व कृती सांगून झाल्यावर, शेवटच्या परिच्छेदात ठेवावेत.

शब्दशः अनुवाद कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित असतो, हा दुसरा आधारही टिकत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील उत्पादन-दायित्वाच्या तरतुदींनुसार अपाय टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा अयोग्य वापराबाबतचा इशारा नसणे हे उत्पादकाला जबाबदार धरण्याचे एक स्वतंत्र कारण आहे. केवळ व्यापारी हेतूने खरेदी करणारा या अधिनियमाच्या ‘ग्राहक’ व्याख्येत बसत नाही, मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी यंत्र घेणारा बसतो, आणि स्वतःची एकच चेन सॉ घेऊन मजुरीवर झाडे तोडणारा माणूस नेमका याच वर्गात मोडतो. ज्याला सूचना कळलीच नाही त्याच्यापुढे मुळाबरहुकूम अनुवादाचा बचाव मांडणे कितपत निभावेल, हे वकिलांनीच सांगावे.

मंडनपक्षाचा अनुवाद असा सुरू होईल: ‘ही चेन सॉ वापरणे आत्ताच थांबवा. हिचा ब्रेक लागत नाही, साखळी फिरत राहते आणि जीव जाऊ शकतो. ढाल पुढे जाते, आवाज येतो, तरीही ब्रेक लागलेला नसतो. म्हणून स्वतः तपासून पाहू नका. इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढा. यंत्रावरचा नंबर खालच्या यादीत शोधा.’ त्यानंतर यंत्र बाजूला ठेवून त्यावर ‘वापरू नका’ अशी चिठ्ठी बांधणे, ते दुरुस्त न करणे, उसने न देणे, न विकणे आणि विक्रेत्याकडे नेणे, अशा कृती याच क्रमाने येतील. येथे ‘करा’ उद्धट वाटेल आणि ‘करावे’ सभ्य, ही शंका निराधार आहे, कारण ‘करा’ हे आदरार्थी रूपच आहे. ‘करावे’मध्ये आदर अधिक नाही, अंतर अधिक आहे. मात्र मर्यादाही स्पष्ट हवी. मूळ मजकूर ‘जीव जाऊ शकतो’ म्हणत असेल तर परिणाम व्हावा म्हणून ‘जीव जाईल’ असे लिहिण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. इंग्रजी यंत्रव्यवहारात धोक्याच्या तीव्रतेनुसार तीन शीर्षशब्द ठरलेले आहेत. मराठीत ‘धोका’, ‘इशारा’ आणि ‘सावधान’ यांची अशी रूढ चढती-उतरती भाजणी नाही. म्हणून एका शब्दावर न विसंबता परिणाम वाक्यातच सांगावा लागतो.

अंकांचा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु सर्वांत महाग चूक तिथेच होते. यंत्राच्या अंगावर नंबर इंग्रजी अंकांत कोरलेला असतो. सूचनेत शुद्ध मराठीच्या हट्टाने तो देवनागरीत छापला, तर देवनागरी ‘१’ इंग्रजी 9 सारखा आणि देवनागरी ‘४’ इंग्रजी 8 सारखा भासतो. यंत्रावर 4719 असेल तर यादीतही 4719 च छापले पाहिजे. तसेच ‘4700 ते 4850 च्या दरम्यान’ असे लिहिल्यास टोकांचे दोन नंबर आत की बाहेर, हे अनिश्चित राहते. ‘4700 पासून 4850 पर्यंत, हे दोन्ही नंबर धरून’ असे लिहिल्याने वाक्य बोजड होते, पण 4850 नंबरचे यंत्र वापरणाऱ्याला शंका उरत नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक विचारी आहे. आलापल्ली परिसरातील अनेक कामगारांची घरची भाषा माडिया, गोंडी किंवा तेलुगू असते. मग मराठी अनुवादावर इतका खल कशासाठी, चित्रे काढावीत, असे तो म्हणतो. चित्रे अवश्य असावीत, विशेषतः स्पार्क प्लगची टोपी आणि नंबराची जागा दाखवणारी. परंतु ‘ढाल पुढे गेली तरी ब्रेक लागलेला नसतो’ हे चित्रात मांडणे अवघड आहे, आणि याच वाक्यावर अपघात होणे न होणे अवलंबून आहे. शिवाय या आक्षेपातले तथ्य मान्य केल्यावर निष्कर्ष उलटाच निघतो. कूपात कागद वाचणारा बहुधा एकच असतो, मुकादम किंवा वनरक्षक. तो मराठीत वाचतो आणि बाकीच्यांना त्यांच्या भाषेत तोंडी सांगतो. म्हणजे छापील अनुवादानंतर आणखी एक, न लिहिलेला अनुवाद होतो. एका वाक्यात एकच कृती असेल तर ती त्या दुसऱ्या प्रवासात टिकते. ‘आढळून आल्याने’, ‘मागवीत असून’ अशा सांध्यांचे वाक्य सांगताना तुटते आणि त्यातून ‘कंपनी मशीन परत नेणार आहे’ एवढेच उरते, जे ऐकून कामगार कंपनीची वाट पाहत तेच यंत्र चालवत राहतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या १०८व्या कलमाने कारखान्यातील सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची अट घातली होती. पण जंगलातला कूप म्हणजे कारखाना नव्हे आणि तिथे सूचना लावायला भिंतही नसते. त्यामुळे तिथला मजकूर आरंभापासूनच मोठ्याने वाचण्यासाठी लिहिला गेला पाहिजे.

यावरून अनुवाद तपासण्याची रीतही बदलते. मराठी मजकूर दुसऱ्या अनुवादकाकडून पुन्हा इंग्रजीत करून घेऊन मुळाशी ताडणे, या प्रति-अनुवादाच्या पद्धतीने तथ्यांची गळती सापडते. म्हणून ती सोडू नये. परंतु वर दिलेले ‘वापर टाळावा’चे वाक्य त्या कसोटीत निर्वेध उत्तीर्ण होते, कारण इंग्रजीत परत जाताना त्याला पुन्हा मूळचा ठामपणा मिळतो. म्हणून आणखी एक तपासणी हवी: मजकूर न पाहिलेल्या मुकादमाने तो एकदा मोठ्याने वाचावा, आपल्या भाषेत एखाद्या कामगाराला सांगावा, आणि मग त्या कामगाराला ‘आता या मशीनचे काय करणार?’ एवढेच विचारावे. ‘ढाल ओढून बघतो’ असे उत्तर आले तर मजकूर परत लिहायचा.

उपायाच्या ओळीतही स्थानिक वास्तव शिरले पाहिजे. ‘निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधावा’ हा अनुवाद पुण्यात पुरेसा आहे. परंतु भामरागड किंवा एटापल्लीच्या रस्त्यावरच्या कूपात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि लागलेला फोन मराठीत उचलला जाईल याचीही हमी मूळ सूचना देत नाही. म्हणून अनुवादकाने उत्पादकाकडून तीन गोष्टी लेखी मागवून घ्याव्यात: यंत्र स्वीकारणाऱ्या जवळच्या विक्रेत्याचे ठिकाण, फोनवर मराठी बोलणारे कोणी आहे की नाही, आणि बदली यंत्र मिळेपर्यंत भाड्याच्या यंत्राचा खर्च कोण देणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा येत नाही. ज्याची रोजची मजुरी त्या यंत्रावर आहे तो ‘वापरणे आत्ताच थांबवा’ ही ओळ वाचल्यावर पहिल्यांदा हेच विचारणार आहे. म्हणून उत्तर नसेल तर ‘या काळातल्या भाड्याबाबत कंपनीने काही सांगितलेले नाही’ असे लिहिण्याची परवानगी अनुवादकाने मागावी, आणि ती मिळेपर्यंत ती जागा कोरी असल्याचे उत्पादकाला कळवत राहावे.