पैसे भरण्याआधी दिसणारे नाव

अनेक साडीदुकानांचा दुसरा धंदा आता रात्री नऊच्या सुमारास सुरू होतो. शटर अर्धे खाली येते, मोबाइल स्टँडवर चढतो आणि इरकल, नारायणपेठ, सेमी पैठणी एकेक करून कॅमेऱ्यासमोर उलगडल्या जातात. पाहणारी ग्राहक साडीचा क्रमांक कॉमेंटमध्ये टाकते आणि घाईत असली तर स्वतःचा मोबाइल नंबरही तिथेच लिहिते. दुकानदाराला ही सोय वाटते, पण नकली पेज चालवणारा नेमकी हीच कॉमेंट वाचायला बसलेला असतो.

त्याची तयारी आधीच झालेली असते. दुकानाचा लोगो, मालकाचा फोटो, मागच्या महिन्यातले साड्यांचे फोटो असे सगळे त्याने उतरवून घेतलेले असते. खात्याच्या नावात एखाद्या टिंबाच्या जागी खालची रेघ येते किंवा शेवटी एक जादा अक्षर लागते. मग मूळ दुकानाच्या खात्याला तो ब्लॉक करतो, त्यामुळे मालकाने शोधले तरी त्याला नकली पेज दिसत नाही. लाइव्ह चालू असतानाच ग्राहकाला मेसेज जातो: ‘ताई, तुमची १४ नंबरची साडी बुक केली आहे, पाच मिनिटांत पेमेंट करा, नाहीतर पुढच्या ताईंना द्यावी लागेल.’ सोबत क्यूआर असतो. साडीचा क्रमांक बरोबर, भाषा दुकानाचीच आणि घाईही खरी वाटावी अशी, त्यामुळे ग्राहक पैसे भरते. चार-पाच दिवसांनी ‘पार्सल कुठे आहे’ असे विचारायला तिचा दुकानात फोन येतो, तेव्हा मालकाला पहिल्यांदा हा प्रकार कळतो.

त्यानंतर घाईघाईने जी सूचना निघते, ती बहुतेक वेळा अशी असते: ‘आमचे पेज हॅक झाले आहे, कृपया कोणीही पैसे पाठवू नये.’ या एका वाक्यात दोन नुकसाने आहेत. पेज हॅक झालेले नसते, त्याची नक्कल झालेली असते. मूळ पेज दुकानदाराच्याच हातात असते, पण सूचना वाचून ग्राहक त्याच्याकडेही संशयाने पाहू लागते आणि ऐन सणात खरी विक्री थांबते. शिवाय खरे पैसे कुठे भरायचे हे त्यात सांगितलेलेच नसते. काही दुकानदार नकली पेजचा स्क्रीनशॉट क्यूआरसकट टाकतात. त्यावर लाल फुली मारलेली असली तरी फोनचा कॅमेरा तो क्यूआर पुष्कळदा वाचू शकतो. असा स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर क्यूआर आधी पूर्ण झाकावा.

याहून अवघड अडचण अशी, की नक्कल करणारा सूचनेचीही नक्कल करतो. ‘बनावट पेजपासून सावध राहा’ ही दुकानदाराची पोस्ट दुसऱ्या दिवशी नकली पेजवर झळकते आणि ते पेज अधिकच खरे वाटू लागते. म्हणून सूचनेत अशी एखादी गोष्ट हवी, जी ग्राहकाला पेजच्या बाहेर पडताळता येईल. आमच्या मते ती गोष्ट म्हणजे पिन टाकण्याआधी पडद्यावर दिसणारे नाव.

एखाद्या व्यक्तीला किंवा लहान व्यापाऱ्याला यूपीआयने पैसे पाठवताना बँकेच्या नोंदीतले खातेदाराचे नावच ग्राहकाला दिसले पाहिजे, असा नियम राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने २०२५च्या जूनअखेरपासून सर्व ॲपना लावला. ॲपमध्ये स्वतः ठेवलेले टोपणनाव किंवा फोनमध्ये साठवलेले नाव तिथे चालत नाही. लोगो आणि फोटो कोणालाही उचलता येतात, पण भाड्याने घेतलेल्या बँक खात्यावर दुकानाचे नाव चढवणे तितके सोपे नाही.

इथे आपल्या व्यापारातली एक जुनी सवय आडवी येते. पाटीवर एक नाव असते आणि पैसे मात्र मालकाच्या, त्याच्या पत्नीच्या नाहीतर भाच्याच्या बचत खात्यावर जातात. अशा दुकानाची नियमित ग्राहक पडद्यावर अनोळखी नाव पाहायला सरावलेली असते. तिला नकली पेजच्या क्यूआरवर तिसरेच नाव दिसले तरी ती थबकत नाही. तेव्हा सूचना काढण्याआधी दुकानाच्या नावाचे चालू खाते उघडावे आणि सगळी वसुली त्या एकाच यूपीआय आयडीवर आणावी. हे काम झालेले नसेल तर सूचना कितीही चांगली लिहिली तरी लंगडीच राहील.

मग सूचना साधारण अशी लिहिता येईल:

‘आमच्या दुकानाचे नाव आणि फोटो वापरून कोणीतरी दुसरे खाते उघडले आहे आणि त्यावरून ग्राहकांकडे पैसे मागितले जात आहेत. ते खाते आमचे नाही. आमचे मूळ पेज सुरक्षित असून विक्री नेहमीप्रमाणे चालू आहे. आम्ही मेसेजमधून क्यूआर पाठवत नाही. पैसे भरताना पिन टाकण्याआधी पडद्यावर आमच्या दुकानाचे बिलावर छापलेले नावच दिसले पाहिजे. दुसरे नाव दिसल्यास पैसे भरू नका आणि बिलावरच्या नंबरवर फोन करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि आम्हालाही कळवा.’

ही सूचना फक्त पेजवर लावून भागत नाही, कारण नकली पेजवर गेलेली ग्राहक मूळ पेज पाहतच नसते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टलाही मर्यादा आहे. ज्या ग्राहकांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलेला आहे, त्यांनाच तो मेसेज पोचतो. बिलावर, पिशवीवर आणि पार्सलमधल्या चिठ्ठीवर खात्याचे नाव छापले तर ते जुन्या ग्राहकाच्या घरी राहते. पहिल्यांदाच खरेदी करणारीजवळ मात्र बिल नसते. तिच्यासाठी प्रत्येक लाइव्हच्या सुरुवातीला आणि मध्ये पुन्हा एकदा मालकाने स्वतः कॅमेऱ्यासमोर ते नाव मोठ्याने सांगावे, आणि कॉमेंटमध्ये मोबाइल नंबर लिहू नका हेही त्याच वेळी सांगावे.

फसलेल्या ग्राहकाचा फोन आला की ‘ते पेज आमचे नव्हते’ एवढे सांगून फोन ठेवणारे दुकानदार आहेत. आम्हाला हे अजिबात पटत नाही. तिने पैसे दुकानाच्या नावावर विश्वास ठेवून भरलेले असतात, आणि पिन तिनेच टाकलेला असल्यामुळे बँकेकडून भरपाई मिळणेही कठीण असते. पैसे पुढच्या खात्यात वळते होण्याआधी १९३०वर तक्रार पोचली, तर ती रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. म्हणून त्या फोनवरच तिला ॲपमधला १२ अंकी व्यवहार क्रमांक शोधून द्यावा आणि १९३० लावायला सांगावे. नकली खाते तिने लगेच ब्लॉक करू नये. आधी संभाषणाचे स्क्रीनशॉट काढावेत आणि त्या खात्याची लिंक उतरवून घ्यावी. मालकाला ब्लॉक केलेले असल्यामुळे ही लिंक बहुधा ग्राहकाकडूनच मिळू शकते. खात्याचे नाव उद्या बदललेही जाऊ शकते, त्यामुळे नुसते नाव लिहून ठेवणे पुरेसे नाही.

दुकानदाराने स्वतःची तक्रार cybercrime.gov.in वर वेगळी नोंदवावी. संगणक साधन वापरून तोतयेगिरीने फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पेज बंद करण्यासाठी ते ज्या ॲपवर आहे तिथेही दुसऱ्याच्या नावाने वावरणारे खाते म्हणून तक्रार करावी लागते. दुकानाचे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेले असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि त्यात नोंदणी क्रमांक देता येतो. एक पेज बंद झाले तरी दुसरे उघडले जाते, हेही मनात धरून चालावे.

वाचक दुकानदारांना आमची विनंती आहे, की सणाची पहिली लाइव्ह लावण्याआधी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून स्वतःच्याच क्यूआरवर एक रुपया पाठवून पाहावा आणि पिनच्या आधी पडद्यावर कोणाचे नाव येते ते वाचावे. ते पाटीवरच्या नावाशी जुळत नसेल तर बँकेत जाऊन हे काम आधी उरकावे.