‘अजून काय आणू?’

मागच्या वर्षी भाच्याचा निकाल लागला म्हणून घरच्या सगळ्यांना घेऊन अमरावतीतल्या एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. अब्बा, आई, बहीण, मेहुणे आणि तीन पोरं. ऑर्डर देऊन झाली आणि वेटरने माझ्याकडे न बघता थेट अब्बांना विचारलं, ‘‘बाबा, तुमच्यासाठी मटन फ्राय आणू ना? एकदम स्पेशल आहे.’’ अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मेहुणे समोर बसलेले. अशा वेळी कोण नाही म्हणणार? मग पोरांना विचारून झालं, ‘‘आइस्क्रीम?’’ तिथेही मी हरलो. बिल मी मनात धरलं होतं त्याच्या दीडपट आलं आणि मटन फ्राय अर्धं उरलं, कारण अब्बांना दातांमुळे ते चावतच नाही.

त्या वेटरवर मी चिडलो नाही. पोरगा वीस वर्षांचा असेल. त्याला जसं शिकवलं तसं तो बोलला. पण शिकवणारा कोण होता आणि त्याने नेमकं काय शिकवलं, हा प्रश्न मास्तरच्या डोक्यातून जाईना.

उत्तर शोधायची संधी उन्हाळ्याच्या सुट्टीत आली. माझा एक जुना विद्यार्थी अकोल्याला बसस्टँडच्या बाजूच्या एका हॉटेलात कॅप्टन आहे. त्याच्या शेठने चार नवे पोरं घेतले होते, दोन अकोल्यातलेच, एक बाळापूरकडचा, एक मूर्तिजापूरकडचा. विद्यार्थ्याचा फोन आला, ‘‘सर, पोट्टे कामाचे आहेत, पण गिऱ्हाइकासमोर एकतर गप्प राहतात नाहीतर गळ्यात पडतात. दोन दिवस येऊन बोलायला शिकवता का?’’ हॉटेलचं मला काही कळत नाही. बोलण्याचं थोडं कळतं. गेलो.

पहिल्या दिवशी दुपारी कोपऱ्यात बसून फक्त ऐकलं. चौघेही एकच वाक्य म्हणत होते : ‘‘अजून काय आणू?’’ भाषेच्या मास्तरला इथेच थांबावं लागतं. ‘अजून काय’ म्हटलं की काहीतरी आणायचंच आहे हे ठरून गेलं, फक्त नाव सांगायचं बाकी राहिलं. ‘अजून काही?’ म्हटलं की ‘नाही’ म्हणायला जागा राहते. उर्दूतही ‘और क्या लाऊँ’ आणि ‘और कुछ?’ यांत हाच फरक आहे. दुसरा दोषी तो शेवटचा ‘ना’. ‘घेता ना?’, ‘आणू ना?’ यात होकार आधीच गृहीत धरलेला असतो. पाण्याचंही तसंच. बसल्याबसल्या ‘‘पाणी बाटलीचं की साधं?’’ असं चारचौघांत विचारलं की ‘साधं’ म्हणणारा माणूस स्वतःला कंजूस समजू लागतो. जग आणि ग्लास आधी टेबलावर ठेवले की हा प्रश्न उरतच नाही. बाटली हवी असणारा स्वतः मागतो.

पण पोरांचा दोष म्हणावा तर तोही पूर्ण नाही. आपल्या वऱ्हाडात, घर मुसलमानाचं असो की कुणाचंही, आग्रह केल्याशिवाय पाहुणा जेवला असं कुणी मानत नाही. दस्तरख्वानावर ‘और लीजिए’ तीनदा म्हटलं नाही तर घरची बाई नाराज आहे असा अर्थ निघतो. पाहुण्याचा पहिला ‘नको’ हा नको नसतोच, हे ही पोरं लहानपणापासून बघत आलीत. तोच आग्रह ते हॉटेलात घेऊन येतात. फरक एवढाच की घरचा आग्रह पाहुण्याला फुकट पडतो आणि इथला बिलावर चढतो. म्हणून पहिला धडा मी हाच दिला : इथे पहिला ‘नको’ खरा धरायचा. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. चौघांनाही हे सगळ्यात अवघड गेलं.

शिकवायला बी.एड.चीच पद्धत वापरली. ज्यांनी बी.एड. केलंय त्यांना सूक्ष्मअध्यापन आठवत असेल : एकच कौशल्य घ्यायचं, सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं त्यावर बोलायचं, बारा मिनिटं पुन्हा तयारी, मग परत सहा मिनिटं पाठ आणि परत सहा मिनिटं चर्चा. एकूण छत्तीस मिनिटं. कॉलेजात असताना आम्ही याला हसायचो. हॉटेलात दुपारी चार ते पाच गल्ला थंड असतो, त्या वेळेत हे बरोबर बसलं.

एक पोरगा वेटर, दोघे गिऱ्हाईक, चौथा वही घेऊन बाजूला. चौथ्याने तीनच गोष्टी लिहायच्या : वेटरने किती पदार्थ सुचवले, प्रत्येकाची किंमत सांगितली का, आणि ‘नको’ ऐकल्यावर पुढे काय बोलला. आणि गिऱ्हाइकाच्या हातात मी एक घडी केलेली चिठ्ठी द्यायचो, जी वेटरला दिसायची नाही. ‘खिशात सहाशे रुपये आहेत.’ ‘सोबत सासरे आहेत.’ ‘वडिलांना शुगर आहे.’ ‘पाऊण तासात बस आहे.’

बाळापूरकडचा पोरगा बोलका. पहिल्या फेरीत तो म्हणाला, ‘‘सर, मटन फ्राय घ्या ना, एकदम भारी आहे, शामी कबाब पण घ्या, गोड काय आणू?’’ सहाशेची चिठ्ठी असलेला गिऱ्हाईक झालेला पोरगा मान खाली घालून ‘आणा’ म्हणाला. वहीत आलं : तीन पदार्थ, किंमत एकाचीही नाही. चिठ्ठी उघडून वाचली तेव्हा बोलका पोरगा गप्प झाला. गिऱ्हाईक झालेला म्हणाला, ‘‘सर, मले त नाही म्हनाची लाजच वाटली.’’ माझ्या शंभर वाक्यांनी जे झालं नसतं ते या एका वाक्याने झालं.

दुसऱ्या फेरीत तो उलट टोकाला गेला. ‘‘कबाब आहेत, घ्यायचे असतील तर घ्या, नाहीतर राहू द्या.’’ यात दबाव नाही, पण असं ऐकल्यावर गिऱ्हाइकाला वाटतं की आपल्याला हाकलतायत. नवी पोरं दबाव सोडायला गेली की हमखास इथे पडतात. मग आम्ही बारा मिनिटं फक्त एका वाक्यावर बसलो. त्यात चार गोष्टी हव्या होत्या : एकच पदार्थ, तो आत्ता का, किंमत, आणि नाही म्हणायची वाट वेटरनेच उघडून दिलेली. शेवटची गोष्ट ‘की’ या छोट्या शब्दाने होते. ‘आणू का, की राहू द्यायचं?’ गिऱ्हाइकाला नकाराचे शब्द शोधावे लागत नाहीत, ते त्याला दिलेले असतात.

शेवटी जो पाठ बसला तो असा. टेबलावर नवरा-बायको आणि दोन पोरं आहेत.

वेटर : (जग आणि ग्लास ठेवून) सलाम साहेब. मेनू बघा, मी येतो.

गिऱ्हाईक : बघायचं काय? दोन फुल चिकन बिर्याणी, एक चिकन मसाला, आठ रोट्या.

वेटर : दोन फुल बिर्याणी, एक चिकन मसाला, आठ रोट्या. साहेब, आमच्या एका फुलमध्ये दोघांचं होते. रोट्या आधी चारच आणू का? लागल्या तर गरम देतो.

गिऱ्हाईक : बरं, चारच आणा.

वेटर : बिर्याणीला वीस मिनिटं लागतील. शामी कबाब पाच मिनिटांत येतात. प्लेटीत चार, ऐंशी रुपये. आणू का, की बिर्याणीच येऊ द्यायची?

गिऱ्हाईक : नको, बिर्याणीच.

वेटर : ठीक जी. (लगेच निघतो.)

(जेवण झाल्यावर)

वेटर : अजून काही लागेल, की बिल आणू? फिरनी आहे, तीस रुपये कुल्हड.

मुलगी : अब्बू, फिरनी!

(वेटर मुलीला काही बोलत नाही. वडिलांकडे बघून थांबतो.)

गिऱ्हाईक : एक आणा.

वेटर : एक फिरनी, चमचे चार आणतो.

भाषा गिऱ्हाईक ज्या भाषेत सुरू करेल ती. हाच पाठ उर्दूत आणि वऱ्हाडीतही करून घेतला.

यातली रोट्यांची जागा शेठला खटकली. ‘‘मास्तर, तुम्ही तर माझी विक्री कमी करायला शिकवता.’’ माझं म्हणणं वेगळं होतं. वेटरने आधी एक गोष्ट कमी करायला सांगितली की त्याने नंतर सुचवलेल्या कबाबावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतो. पण ही युक्ती म्हणून करायची नाही. बिर्याणी खरंच दोघांना पुरत असेल तरच. अर्धी प्लेट असेल आणि पोराने ‘दोघांचं होते’ म्हटलं तर लबाडी झाली, आणि ती पहिल्या घासाला कळते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांना स्वयंपाकघरात उभं केलं, प्रत्येक प्लेट डोळ्यांनी बघायला लावली, आणि सुचवायचे पदार्थ थोडे थोडे खायला दिले. न चाखलेल्या पदार्थाला पोरं ‘एकदम भारी’ म्हणतात, कारण दुसरं काही सांगायला त्यांच्याकडे नसतं. चाखल्यावर बाळापूरवाला आपोआप सांगू लागला, ‘‘कबाबात मिरची कमी आहे, पोरं खातील.’’

सुचवायचंच नाही अशाही वेळा आहेत. जुम्म्याच्या नमाजनंतरची गर्दी, लोक टेबलाची वाट बघत उभे असताना, घाईने जेवणारा बसचा प्रवासी. रमजानमध्ये इफ्तारला तर मुळीच नाही. तेव्हा माणसाचं लक्ष अजानकडे आणि हात खजुराकडे असतो.

हे जमतंय की नाही ते गल्ल्यावरून कळत नाही. खरकट्याच्या बादलीवरून कळतं. सुचवलेला पदार्थ अर्धा परत येत असेल तर तो माणसाला नको होता, नुसता गळ्यात पडला. दुसरी खूण काउंटरवर : बिल हातात घेऊन ‘हे कधी मागवलं?’ असं विचारणारे किती. किंमत आधी सांगितलेली असली की हा प्रश्न येत नाही.

आता माझं खरं भांडण. शेठने पोरांना कबूल केलं होतं की जादाची प्रत्येक कबाब प्लेट विकली की दहा रुपये. हे दहा रुपये आहेत तोवर माझे छत्तीस मिनिटांचे पाठ पाण्यात. ज्या पोराला महिन्याअखेर घरी पैसे पाठवायचे आहेत तो पहिल्या ‘नको’वर कसा थांबेल? त्याला शिकवायचं ‘दबाव टाकू नको’ आणि पगार असा लावायचा की दबाव टाकल्याशिवाय भागू नये, हा पोरावर अन्याय आहे. बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. म्हणजे गिऱ्हाइकाने खुशीने ठेवलेली टीपच उरते, आणि खुशीने टीप तोच ठेवतो ज्याला कुणी लाजवलेलं नाही. मी शेठला म्हटलं, दहा रुपये बंद करा, तेवढी रक्कम पगारात धरा आणि टीप एका डब्यात टाकून रात्री सगळ्यांत वाटा, भांडी घासणाऱ्यालाही.

डबा त्यांनी मान्य केला. दहा रुपयांवर म्हणाले, ‘‘ईदपर्यंत बघू.’’ विद्यार्थ्याचा परवा फोन होता. डबा गल्ल्याशेजारी ठेवलाय, दहा रुपये अजून चालू आहेत, आणि मूर्तिजापूरवाला पोरगा आता ‘ना’ न लावता बोलतो, पण कबाब मात्र दोनदा सुचवतो.