‘अंगठा लागला नाही’ म्हणजे नेमके काय झाले? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
यांस,

बँकमित्राच्या टेबलाशी गावोगाव एक वाक्य नेहमी कानावर पडते : “मावशी, अंगठा लागला नाही, परत ठेवा.” निराधार योजनेचे पैसे काढायला आलेली बाई अंगठा पदराला पुसते आणि पुन्हा यंत्रावर टेकवते. या वाक्याआड दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्यांतली कोणती घडली, हे तिला कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट निरुपद्रवी आहे. ऊस तोडून, विड्या वळून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात आणि ठसा आधारच्या नोंदीशी जुळत नाही. मग व्यवहार पुढे सरकतच नाही, खात्यातून काही वजा होत नाही. आधारसाठी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यामुळे दुसरे बोट लावून पाहता येते.

दुसरी गोष्ट मात्र महागात पडते. ठसा जुळतो, तिच्या बँकेत रक्कम वजाही होते, पण तसे उत्तर बँकमित्राच्या यंत्रावर परत येण्याआधी नेटवर्क तुटते. पडद्यावर व्यवहार फसल्याचे दिसते. बँकमित्र प्रामाणिक असला तरी सवयीने तेच म्हणतो : लागला नाही, परत ठेवा.

अशा एका दुपारचा हिशेब मांडून पाहू. बाईच्या खात्यात ३,४२० रुपये आहेत आणि तिला १,००० हवे आहेत. पहिल्या खेपेला यंत्र अडकते, दुसऱ्या खेपेला व्यवहार होतो. हजार रुपये हातात पडतात, पावती निघते, ती घरी जाते. पावतीवर रक्कम १,००० आहे, म्हणजे सगळे ठीक वाटते. पण त्याखाली शिल्लक छापली आहे १,४२०. ती २,४२० असायला हवी होती. पहिल्या खेपेचे हजारही खात्यातून गेले आहेत.

म्हणून पावतीवर रकमेच्या आधी शिल्लक पाहायची. जुन्या शिलकेतून हातात आलेले पैसे वजा करायचे आणि छापलेला आकडा तेवढाच आहे का, ते ताडायचे. मोबाइल मुलाकडे पुण्याला असेल, तर बँकेचा संदेशही तिला दिसत नाही. हातातली पावती हाच तिचा पुरावा. त्यानंतर व्यवहाराचा प्रकार पाहायचा. नुसती शिल्लक विचारायलाही ठसा लागतो, आणि त्याच ठशावर पैसे काढून घेतल्याचे प्रकार घडले आहेत. शिल्लक विचारली असेल, तर पावतीवर BALANCE ENQUIRY हवे, CASH WITHDRAWAL नव्हे. बँकेचे नाव आपलेच आहे ना आणि आधारचे शेवटचे चार आकडे जुळतात ना, हे तिथेच उभे राहून पाहून घ्यावे.

राहिला RRN, बारा आकडी क्रमांक. तक्रार शोधायची ती याच क्रमांकावरून. वरच्या उदाहरणात बाईला क्रमांक हवा तो फसलेल्या खेपेचा, आणि नेमकी त्याच खेपेची पावती तिच्या हाती दिली जात नाही.

महोदय, यावर आपल्याच बँकेचा नियम आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार आधारच्या व्यवहारात खात्यातून रक्कम गेली पण केंद्रावर खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा करण्याची कारवाई व्हायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. नियम चांगला आहे. पण पैसे गेलेत हेच जिला कळले नाही, तिने सहावा दिवस मोजायचा कसा? आणि शाखेत गेल्यावर “पावती कुठाय?” या पहिल्याच प्रश्नाला तिने काय उत्तर द्यायचे?

एवढ्यासाठी तीन गोष्टी मागायच्या आहेत. फसलेल्या व्यवहाराचीही पावती सक्तीने निघावी. ती महाराष्ट्रात मराठीत असावी आणि तिच्यावर ‘ठसा जुळला नाही’ की ‘उत्तर आले नाही’ हे स्पष्ट छापलेले असावे. आणि उत्तर आले नसेल, तर खात्याची शिल्लक तपासल्याखेरीज यंत्राने त्याच रकमेसाठी दुसरा ठसा घेऊ नये.

तोवर वाचकांनी आपल्या आईला, आजीला, शेजारच्या काकूंना एवढे सांगावे : “लागला नाही” असे ऐकले की दुसऱ्यांदा पैसे काढण्याआधी शिल्लक विचारायची आणि पहिल्या खेपेची पावती मागून घ्यायची. फरक दिसला तर ती पावती घेऊन आपल्या बँकेच्या शाखेत लेखी तक्रार द्यायची, पोच घ्यायची. तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.