पेटीतले तीनशे रुपये

अचलपुरातल्या एखाद्या बचत गटाला एका दिवसात मोबाइलवरच्या शीटमध्ये हिशेब शिकवायचा, तर मी सकाळी मोबाइल पिशवीतच ठेवायला सांगेन. आधी गेल्या महिन्याचं रजिस्टर उघडायचं आणि कागदावर रकाने पाडायचे: नाव, बचत, कर्जाचा हप्ता, व्याज, दंड. एका ताईने सहाशे भरले असतील, तर पाचशे मुद्दल आणि शंभर व्याज वेगळं लिहायचं. इथे गल्लत झाली की बाकी कर्ज कायमचं चुकतं. या फोडीला मी अख्खी सकाळ देईन. जेवणानंतर तेच आकडे शीटमध्ये उतरवायचे. बारा जणींची शंभर-शंभर बचत C2 ते C13 मध्ये भरायची आणि खाली =SUM(C2:C13) लिहायचं. बाराशे यायला हवेत, पण नऊशे येतात. कारण तिघींनी ‘100 रु.’ असं लिहिलं. शीटला तो मजकूर वाटतो, बेरजेतून तो मुकाट्याने गळतो, चूक झाल्याचंही दाखवत नाही. खूण एकच: खरे आकडे घराच्या उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डावीकडे. म्हणून शेवटचा तास रोख पेटीचा. आरंभीची शिल्लक दोन हजार, बचत, हप्ता, व्याज मिळवून त्यातून दिलेलं तीन हजारांचं कर्ज वजा केलं, की शीट म्हणते पाचशे. पेटीत मात्र आठशे. हा तीनशेचा फरक बायांनीच शोधून काढावा, शिकवणाऱ्याने बोट दाखवू नये.